‘इतर खर्च १० टक्के’ ही ओळ अंदाजपत्रकातून काढून टाका



शाळेचं कोणतंही काम निघालं की आपण अंदाजपत्रक तयार करतो. पत्रे, सिमेंट, रंग, मजुरी असं सगळं लिहून होतं आणि शेवटी हमखास एक ओळ येते, ‘इतर खर्च १० टक्के’. मीही कित्येक वर्षे हेच करत आलो. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की ही ओळ काढून टाकावी आणि तिच्या जागी दोन वेगळ्या ओळी लिहाव्यात. एक आकस्मिक निधीची आणि दुसरी व्यवस्थापन राखीव निधीची. इंग्रजीत यांनाच कॉन्टिन्जन्सी रिझर्व्ह आणि मॅनेजमेंट रिझर्व्ह म्हणतात. दोन्ही ‘अडचणीसाठी ठेवलेले पैसे’ आहेत, म्हणून आपण त्यांना एकच समजतो. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. आमच्या शाळेच्या दोन जुन्या खोल्यांचं छप्पर बदलून तिथे संगणक कक्ष करायचा होता. माजी विद्यार्थी आणि पालकांनी मिळून ८ लाख रुपये जमवले होते. मी अंदाजपत्रक करून बांधकाम समितीपुढे ठेवलं. समितीत एक निवृत्त अभियंते होते. गावात सगळे त्यांना काकाच म्हणतात. त्यांनी कागद हातात घेतला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “गुरुजी, हे ‘इतर’ म्हणजे नक्की काय हो?”

मी म्हटलं, “काका, काही कमी-जास्त झालं तर असावेत म्हणून.”

“कमी-जास्त काय होईल, ते माहीत आहे का तुम्हाला?”

“थोडंफार माहीत आहे.”

“मग जे माहीत आहे ते लिहा. आणि जे माहीतच नाही, त्याचे पैसे माझ्याकडे राहू द्या, म्हणजे समितीकडे. दोन्ही एका खिशात टाकू नका.”

काकांच्या या दोन वाक्यांत सगळा धडा आहे. पहिल्या खिशातले पैसे ज्या अडचणी आपल्याला आधीच दिसतात, पण येतील की नाही हे सांगता येत नाही, त्यांच्यासाठी. दुसऱ्या खिशातले पैसे ज्या अडचणी आज कोणाच्या डोक्यातही नाहीत, त्यांच्यासाठी. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटच्या पीएमबॉक या मार्गदर्शिकेतही हाच भेद सांगितला आहे.

आता प्रत्यक्ष आकडे बघू.

पहिली पायरी : कामाचा मूळ खर्च

जुने पत्रे व वासे काढून नेणे १८,०००. लोखंडी ट्रस आणि वेल्डिंग १,२०,०००. नवीन पत्रे, पन्हाळी आणि फिटिंग १,०५,०००. भिंतींची डागडुजी, प्लास्टर व रंग ६२,०००. वायरिंग, अर्थिंग, पंखे आणि दिवे ७५,०००. आठ संगणक प्रत्येकी ३२,००० प्रमाणे २,५६,०००. टेबल-खुर्च्या ६४,०००. एकूण ७,००,००० रुपये.

इथे एक पथ्य पाळायचं. प्रत्येक ओळीत ‘हात राखून’ थोडे थोडे वाढवायचे नाहीत. पत्र्यांचे ९५ हजार होत असतील तर ‘असू देत’ म्हणून १ लाख ५ हजार लिहायचे, ही आपली सवय असते. पण असं लपवलेले पैसे कोणाच्याच नजरेत राहत नाहीत. काम करणाऱ्याला वाटतं १ लाख ५ हजार मंजूर आहेत, तेव्हा तेवढे खर्च करायला हरकत नाही. मग ते होतातच खर्च. राखीव पैसे ठेवायचेच असतील तर ते उघडपणे, वेगळ्या ओळीत ठेवावेत.

दुसरी पायरी : दिसणाऱ्या अडचणींची यादी

काकांनी मला यादी करायला लावली. प्रत्येक अडचणीसमोर दोन प्रश्न. आलीच तर किती खर्च होईल? आणि येण्याची शक्यता किती? या दोहोंचा गुणाकार म्हणजे त्या अडचणीचा अपेक्षित खर्च.

पहिली अडचण भिंतीची. भिंतीचा वरचा थर मातीत बांधलेला निघाला तर ट्रस ठेवण्याआधी काँक्रीटचा पट्टा टाकावा लागेल. खर्च ६०,०००, शक्यता ४० टक्के, म्हणून अपेक्षित खर्च २४,०००. दुसरी, वीजमीटरचा भार वाढवून मुख्य केबल बदलावी लागेल. खर्च ३०,०००, शक्यता ५० टक्के, म्हणजे १५,०००. तिसरी, छप्पर उघडं असताना वळवाचा पाऊस. खर्च २०,०००, शक्यता ५० टक्के, म्हणजे १०,०००. चौथी, लोखंडाचा भाव वाढणं. खर्च १५,०००, शक्यता ४० टक्के, म्हणजे ६,०००. पाचवी, संगणकांच्या कोटेशनची मुदत संपून नवा भाव लागणं. खर्च २५,०००, शक्यता २० टक्के, म्हणजे ५,०००.

पाचही मिळून झाले ६०,००० रुपये. हा आमचा आकस्मिक निधी. बघा, यात ‘१० टक्के’ कुठेच आलं नाही. आकडा कामातून निघाला. उद्या कोणी विचारलं, “६० हजारच का?” तर पाच कारणं दाखवता येतात. ‘१० टक्केच का?’ याला उत्तर फक्त ‘पद्धत आहे’ एवढंच असतं.

या शक्यता आल्या कुठून, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्या अंदाजच आहेत. भिंतीबद्दल गवंड्याला विचारलं, मीटरबद्दल वायरमनला, पावसाबद्दल आपल्याच अनुभवाला. ४० टक्के म्हणजे तंतोतंत ४० नव्हे. पण ‘होईल काहीतरी’ म्हणण्यापेक्षा ‘दहापैकी चार वेळा होईल’ म्हणणं माणसाला विचार करायला लावतं, हे मी स्वतः बघितलं.

या गुणाकाराची एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. कोणतीच अडचण तिच्या अपेक्षित खर्चाएवढी येत नाही. भिंतीचा पट्टा २४ हजारांत कधीच होणार नाही. तो एक तर शून्य, नाहीतर ६० हजार. यादी लांब असेल तर काही येतात, काही येत नाहीत आणि सरासरी जुळून जाते. आमची यादी पाचच ओळींची होती. पट्टा आणि मीटर दोन्ही आले असते तर ९० हजार लागले असते आणि हातात फक्त ६० हजार. दोन्ही एकदम येण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या ५० टक्के, म्हणजे २० टक्के. पाचात एकदा! ही काही दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नव्हती.

म्हणून काका म्हणाले, “आधी भिंत खरवडून बघू.” गवंड्याला अर्ध्या दिवसाची मजुरी देऊन चार ठिकाणी वरचं प्लास्टर खरवडलं. पश्चिमेकडच्या खोलीची भिंत मातीतली निघाली, दुसऱ्या खोलीची चुन्यातली आणि पक्की. म्हणजे पट्टा फक्त एका खोलीला लागणार होता. यादी करण्याचा खरा फायदा हा. सर्वात मोठी ओळ कोणती हे दिसलं की तिच्यावर आधी काम करता येतं.

तिसरी पायरी : न दिसणाऱ्या अडचणींसाठी राखीव

७,००,००० अधिक ६०,००० झाले ७,६०,०००. याला कॉस्ट बेसलाइन म्हणतात. आपण त्याला ‘पायारेषा’ म्हणू. कामावर लक्ष ठेवणाऱ्याने, म्हणजे मी, या रेषेत राहून काम पूर्ण करायचं. उरलेले ४०,००० समितीने आपल्याकडे ठेवले. तो व्यवस्थापन राखीव निधी. पायारेषेच्या साधारण ५ टक्के. सगळं मिळून प्रकल्पाचं एकूण बजेट ८,००,०००.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, आत्ताच टक्केवारीला नावं ठेवलीत आणि इथे तुम्हीच टक्के लावताय! बरोबर आहे. पण जे माहीतच नाही त्याची यादी कशी करणार? तिथे टक्केवारीशिवाय इलाज नाही. नेहमीचंच काम असेल तर टक्के कमी, जुनी इमारत उघडायची असेल किंवा पहिल्यांदाच करत असलेलं काम असेल तर जास्त. जिथे यादी करता येते तिथे टक्के लावून मोकळं होणं, एवढ्यालाच माझा आक्षेप आहे.

दोन निधींमधला दुसरा मोठा फरक, किल्ली कोणाकडे हा. आकस्मिक निधीची किल्ली काम बघणाऱ्याकडे. यादीतली अडचण आली की त्याने खर्च करायचा आणि नोंद ठेवायची. प्रत्येक वेळी बैठक बोलवायची गरज नाही, कारण बैठकीत ती अडचण आधीच मान्य झालेली असते. व्यवस्थापन राखीव निधीची किल्ली समितीकडे. तिथले पैसे हवे असतील तर लेखी मागायचे, मंजुरी घ्यायची आणि मग तेवढी रक्कम पायारेषेत मिळवून नवी पायारेषा लिहायची.

काम सुरू झाल्यावर काय झालं

भिंतीच्या पट्ट्याला ३४,००० लागले. मीटरचा भार वाढवावाच लागला, तिथे २१,००० गेले. दोन्ही यादीतल्या अडचणी, म्हणून दोन्ही आकस्मिक निधीतून. ६० हजारांपैकी ५५ हजार ठरून गेले, राहिले ५ हजार. लोखंड तोवर घेऊन झालं होतं, जुन्याच भावात. ती अडचण संपली.

इथे मी निर्धास्त होतो. काका नव्हते. ते म्हणाले, “किती उरले ते बघू नका गुरुजी. कशासाठी उरले ते बघा.” यादीत अजून पाऊस आणि संगणकांचा भाव अशा दोन अडचणी शिल्लक होत्या. त्यांचा अपेक्षित खर्च १०,००० अधिक ५,०००, म्हणजे १५,०००. हातात ५,०००. म्हणजे प्रत्यक्षात आम्ही १० हजारांनी कमी पडत होतो आणि एकही बिल अंदाजाबाहेर गेलेलं नव्हतं!

माझ्या मते या सगळ्या विषयातली हीच सर्वात उपयोगी गोष्ट. निधी किती खर्च झाला यावरून काही कळत नाही. उरलेला निधी आणि उरलेल्या अडचणी शेजारी शेजारी मांडल्या की लगेच कळतं. निधी अडचणींपेक्षा भराभर संपत असेल तर घंटा वाजली समजा.

मग आम्ही दोन गोष्टी केल्या. कोटेशनची मुदत चालू असतानाच संगणकांची ऑर्डर देऊन भाव पक्का केला. ५,००० ची ती अडचण यादीतून गेली. आणि दोन्ही खोल्यांचं छप्पर एकदम उघडायचं होतं, ते एकेका खोलीचं करायचं ठरवलं. पाऊस आला तरी एकच खोली भिजेल, म्हणजे नुकसान २० हजारांवरून १० हजारांवर. शक्यता तीच ५० टक्के, म्हणून अपेक्षित खर्च ५,०००. हातातले ५,००० आणि समोरचे ५,०००, जुळलं. पाऊस शेवटी आलाच नाही. पण आला असता तरी पळापळ झाली नसती.

आणि मग यादीत नसलेलं समोर आलं

दुसऱ्या खोलीचे वासे काढायला घेतले तेव्हा कारागीर वरूनच ओरडला, “गुरुजी, हे वासे तर मागल्या शेडमध्ये गेलेत!” पोषण आहाराची खिचडी शिजते ती मागची शेड कोणीतरी कधीतरी आमच्याच छपराच्या वाशांना जोडून उभी केली होती. आमचे वासे काढले असते तर शेड खाली आली असती. आत चुली, भांडी आणि रोज काम करणाऱ्या दोन ताई.

काम थांबवलं. शेडला स्वतंत्र लोखंडी खांब आणि आडवी पट्टी द्यायला २७,००० लागणार होते. माझ्याकडे आकस्मिक निधीत ५,००० होते, पण ते पावसाचे. ते यात घालायचे नाहीत. मी त्याच संध्याकाळी एका पानाचं पत्र लिहिलं. काय आढळलं, न केल्यास काय होईल, खर्च किती, किती दिवस जातील. दुसऱ्या दिवशी समिती जागेवर आली, बघितलं आणि राखीव निधीतून २७,००० मंजूर केले. पायारेषा ७,६०,००० ची ७,८७,००० झाली. राखीव निधीत उरले १३,०००.

बैठकीत एका सदस्याने रास्त प्रश्न विचारला, “हे आधी दिसायला हवं होतं ना?” हो, मागे जाऊन कोणी वर बघितलं असतं तर दिसलं असतं. ‘न दिसणारी अडचण’ म्हणजे कोणालाच कधी कळू शकली नसती अशी नव्हे. यादी करताना आम्हाला ती सुचली नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून आता आमच्या शाळेच्या यादीत ‘जुन्या बांधकामाला दुसरं काही टेकलेलं आहे का’ ही ओळ पक्की झाली आहे. पुढच्या वेळी तोच खर्च आकस्मिक निधीत धरला जाईल. एका कामातली राखीवातली अडचण पुढच्या कामात यादीत येते, अनुभव कागदावर येतो तो असा.

आता कल्पना करा की ‘इतर १० टक्के’ हीच एक ओळ असती. ७० हजारांपैकी ५५ हजार आधीच गेले होते, म्हणजे १५ हजार उरले असते. शेडचा खर्च २७ हजारांचा. मग मी काय केलं असतं? संगणक आठऐवजी सात घेतले असते, नाहीतर वायरिंगमध्ये हलकी केबल टाकली असती. हे असंच होतं बरं का. पैसे कमी पडले की कात्री त्याच गोष्टीवर चालते जी डोळ्यांना दिसत नाही.

उरलेल्या पैशांचा मोह

काम संपत आलं तेव्हा प्रस्ताव आला की राखीवातले १३ हजार उरलेच आहेत, तर त्यात देणगीदारांच्या नावांचा ग्रॅनाइटचा फलक करू. फलकाला माझा विरोध नव्हता. पण तो मूळ कामात नव्हता. दोन्ही निधी ठरलेलं काम पूर्ण करण्यासाठी असतात, नवीन काम जोडण्यासाठी नाहीत. नवीन काम हवं असेल तर त्याचं अंदाजपत्रक वेगळं, मंजुरी वेगळी आणि पैसेही वेगळे. आम्ही थोडे वाईट झालो, पण फलक त्या हिशोबात घेतला नाही.

मूळ कामांत काही ठिकाणी थोडे कमी, काही ठिकाणी थोडे जास्त होऊन गोळाबेरीज ७ लाखांवरच राहिली. त्यात ५५,००० आकस्मिकचे आणि २७,००० राखीवातले, एकूण खर्च ७,८२,०००. उरलेले १८,००० शाळेच्या खात्यात परत जमा केले आणि हिशोब सूचना फलकावर लावला.

इथे आणखी एक बारकावा सांगतो. खर्चाची तुलना कशाशी करायची? एकूण ८ लाखांशी केली तर कामाच्या मध्यावर नेहमीच भरपूर शिल्लक दिसते. तुलना पायारेषेशी करायची. राखीव निधी मंजूर होईपर्यंत तो जणू नाहीच असं समजून चालायचं.

नावांनी फसू नका

विद्यार्थ्यांना शिकवताना एक गंमत जरूर सांगा. आपल्या राज्यघटनेच्या कलम २६७ मध्ये भारताच्या आकस्मिकता निधीची तरतूद आहे. २०२१ मध्ये त्याची रक्कम ५०० कोटींवरून ३०,००० कोटी रुपये करण्यात आली. नाव ‘कॉन्टिन्जन्सी फंड’, पण तो अकल्पित खर्चासाठी असतो आणि त्यातून उचललेल्या पैशाला नंतर संसदेची मान्यता घ्यावी लागते. म्हणजे प्रकल्पाच्या भाषेत तो मॅनेजमेंट रिझर्व्हच्या जवळचा! म्हणून नावावर जाऊ नका. दोनच प्रश्न विचारा. ही अडचण आपण आधी लिहिली होती का? आणि या पैशांची किल्ली कोणाकडे?

काही सहकारी म्हणतात, “एवढ्याशा कामाला एवढा कागद कशाला?” मी त्यांना आमचा कागद दाखवतो. यादी पाच ओळींची आहे, राखीव निधीचं पत्र एका पानाचं. एवढ्यावर खिचडीची शेड उभी राहिली आणि आठही संगणक आले. पुढच्या महिन्यात आमच्या शाळेच्या कुंपणाचं अंदाजपत्रक करायचं आहे. यावेळी अडचणींची यादी नववीच्या मुलांकडून करून घेणार आहे. मागच्या शेडवर चेंडू काढायला चढणाऱ्या पोरांना ते वासे कुठे जातात हे आधीपासून माहीत होतं म्हणे. आम्ही विचारलंच नव्हतं!